ओटीपोटाचं दुखणं, एक पत्र आणि गोळ्यांच्या तारखा

ही केस २९ वर्षांच्या एका बाईची आहे. राहायला कोल्हापुरात कळंब्याकडं, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात, अकाउंट्स बघते. मी तिच्या सासरचा फॅमिली डॉक्टर, दवाखाना राजारामपुरीत. तिच्या परवानगीनं लिहितोय आणि ओळख पटेल असं जे काय होतं ते बदललंय. दिवाळीनंतर तिनं मला एक पत्र आणून दिलं, हातानं लिहिलेली वहीची पानं, आणि म्हणाली घरी जाऊन वाचा. त्या पत्रात निदान जवळजवळ लिहिलेलंच होतं, पण आठ महिन्यात ती जिथं जिथं गेली तिथं त्यातला एकेक तुकडाच सांगितला गेला होता, सगळं एका कागदावर पहिल्यांदाच आलं. म्हणून आधी पत्रच देतो, थोडं कापून.

"डॉक्टर, नमस्कार. दवाखान्यात आले की बाहेर गर्दी असते आणि सोबत सासूबाई नाहीतर हे असतात, त्यामुळं अर्धंच बोलणं होतं, म्हणून लिहून देते.

मला मार्चपासून ओटीपोटात दुखतंय. म्हणजे पाळीत दुखायचं ते वेगळं, ते दहावीपासून आहे, पहिल्या दिवशी शाळा बुडायचीच, उलटी व्हायची, आई म्हणायची लग्नानंतर कमी होतंय. आणि खरंच झालं. लग्नाला आता तीन वर्षं होतील, पहिली दोन-अडीच वर्षं काहीच त्रास नव्हता, मला वाटलं आई म्हणत होती ते बरोबर. तेव्हा मूल नको म्हणून गोळ्या चालू होत्या, त्या जानेवारीत बंद केल्या कारण आता आम्हाला बाळ हवंय. फेब्रुवारीत पाळी जरा दुखली, मार्चच्या २८ तारखेला आली ती मात्र लई दुखली, ऑफिसातून अर्ध्या दिवसात घरी आले, स्कूटी चालवताना प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता.

एप्रिलमध्ये पाळी यायच्या आधी दोन-तीन दिवस लघवीला जळजळ आणि खाली दाब दिल्यासारखं, सारखं जायला लागायचं. ऑफिसजवळच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, पस सेल ४-६ आले, इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं. मेमध्ये थोडं झालं, मी पाणी जास्त प्यायले, गेलं. जूनमध्ये परत तसंच, परत दुसऱ्या गोळ्या पाच दिवस, परत बरं. जुलैमध्ये पाळीच्या दिवसात शौचाला बसलं की मागं आत सुरी खुपसल्यासारखं व्हायला लागलं, ते गॅसचं म्हणून औषध दिलं. सासूबाईंनी तांबडा रस्सा, लोणचं, सगळं तिखट बंद केलं, त्यानं काही फरक पडला नाही. ऑगस्टमध्ये पोटाची सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल, रिपोर्ट सोबत जोडलाय.

गौरी-गणपतीत पाळी येणार होती म्हणून पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या, दिवसाला तीन. ते दिवस एकदम छान गेले, गौरी आणल्या, पुरणपोळ्या केल्या, पाहुणे जेवले, मला वाटलं दुखणं गेलंच. गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि इतकं दुखलं की रात्री इंजेक्शन घ्यायला जावं लागलं. ऑक्टोबरपासून पाळी नसताना पण डाव्या बाजूला दुखतंय, कमरेत आणि मांडीत उतरतंय. दसऱ्यानंतर ऑफिसात चेकअप कॅम्प होता, त्यात बायकांचं पॅकेज होतं, त्यात सीए-१२५ म्हणून टेस्ट ५८ आली आणि शेजारी लाल बाण. मोबाईलवर बघितलं तर अंडाशयाचा कॅन्सर असं येतं. घरात कुणाला सांगितलं नाही.

अजून एक लिहायचं राहिलं, तोंडानं सांगायला जमणार नाही. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकतं. ह्यांना वाटतं मला नकोच आहे. म्हणून मग टाळलंच जातं आणि बाळ हवंय तरी तसंच चाललंय.

माझे प्रश्न असे आहेत. हे लघवीचं इन्फेक्शन सारखं का होतं. कॅन्सर असेल का. सोनोग्राफी नॉर्मल आहे तर मग दुखतंय कशानं, का माझं मनाचंच आहे, कारण घरात आता तसंच बोलायला लागलेत. पेनकिलर महिन्यातून पाच-सहा दिवस घेते, किडनीला काही होईल का. माझी एक जाऊबाई म्हणते पिशवीच काढून टाक एकदाची, पण मग बाळाचं काय. आणि बाळ होईल का, हे खरं तर आधी विचारायचं होतं."

पत्र इथं संपतं.

तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं, त्या वेळी दवाखान्यात गर्दी नसते. पहिलं काम एकच केलं, कॅलेंडर घेतलं. पाळीच्या तारखा तिच्या मोबाईलमध्ये होत्या, त्या एका रंगानं भरल्या, दुखण्याचे दिवस दुसऱ्या रंगानं, आणि तिसऱ्या रंगानं तिनं घेतलेली प्रत्येक गोळी, अँटिबायोटिक असो, हार्मोनची असो नाहीतर पेनकिलर. ओटीपोटाच्या दुखण्यात हे करायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ओपीडीत तेवढी कुणाकडं नसतात हे मला माहीत आहे, पण अर्धा तपास त्यातच होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

लघवीचं आधी बघू. एप्रिलमध्ये जळजळ सुरू झाली २२ तारखेला, अँटिबायोटिक सुरू २४ ला, पाळी आली २५ ला, कोर्स संपला २८ ला आणि पाळी संपली २९ ला. जूनमध्ये तेच, गोळ्या १९ ला, पाळी २० ला. म्हणजे पाच दिवसांचा कोर्स आणि पाच दिवसांची पाळी एकमेकांवर बसलेत. बरं वाटलं ते गोळीनं का पाळी संपल्यामुळं, हे त्यातून कळूच शकत नाही. मेमध्ये तर काहीच घेतलं नाही, नुसतं पाणी प्यायली, तरी त्याच सुमारास थांबलं. दोन्ही वेळा लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, झालं नव्हतं. पस सेल ४-६ हा काही मोठा आकडा नाही, पाळीच्या आसपास नमुना दिला आणि मधल्या धारेची लघवी नीट घेतली नाही तर बाहेरच्या पेशी त्यात येतात. खरं इन्फेक्शन बहुतेक वेळा पाळीची तारीख बघून येत नाही. दर महिन्याला ठरलेल्या दिवसात जळजळ होत असेल तर अँटिबायोटिकच्या आधी कल्चर पाठवायचं, आणि ते निगेटिव्ह आलं तर मूत्राशयाच्या शेजारी काय चाललंय ते बघायचं. तिचं कल्चर आम्ही पुढच्या वेळी जळजळ असतानाच पाठवलं, त्यात जंतू वाढले नाहीत.

आता गोळ्यांच्या तारखा, माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि तिनं तो सहज जाता जाता लिहिलाय. दहावीपासून दुखणं आहे. लग्नानंतर गर्भनिरोधक गोळ्या सुरू, दुखणं गायब. जानेवारीत गोळ्या बंद, दोन महिन्यात दुखणं परत, आणि आधीपेक्षा जास्त. गणपतीत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, त्या दिवसात काहीच नाही, बंद केल्या की तिसऱ्या दिवशी जोरात. लग्नामुळं कमी झालं असं आईला वाटलं, तिलाही वाटलं, आपल्याकडं हे घरोघरी सांगतात. पण कमी केलं ते गोळ्यांनी.

पाळी पुढं ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, साधारण ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आहे. ते चालू असेपर्यंत गर्भाशयाचं आतलं अस्तर गळत नाही, बंद केलं की दोन-तीन दिवसात गळतं. सणासुदीला, लग्नकार्याला, जोतिबाच्या यात्रेला आपल्याकडं बायका मेडिकलमधून सर्रास आणतात, आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत कारण ते त्यांना औषध वाटतच नाही. मी आता मुद्दाम विचारतो, "सणाला गोळी घेतली होती का, तेव्हा दुखलं का". कारण एखादं दुखणं प्रोजेस्टेरॉन चालू असताना शांत राहतं आणि सोडलं की उसळतं, तर ते दुखणं बहुतेक अस्तराच्या जातीच्या पेशींशी जोडलेलं असतं. पोटातला गॅस किंवा लघवीतले जंतू असं सहसा वागत नाहीत.

अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या पडद्यावर, आतड्याजवळ, मूत्राशयावर रुजतात त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दर महिन्याला हार्मोनच्या चढउताराबरोबर तिथं सूज येते, थोडं रक्त सुटतं, पण त्याला बाहेर जायला वाट नसते, हळूहळू तिथं जखमेसारखं होऊन अवयव एकमेकांना चिकटतात. जागेप्रमाणं तक्रार बदलते, मूत्राशयाजवळ असेल तर पाळीत जळजळ, गर्भाशय आणि गुदाशयाच्या मधल्या जागेत असेल तर शौचाला बसताना सुरी खुपसल्यासारखं आणि संबंधाच्या वेळी खोल दुखणं. तिच्या पत्रात हे सगळं होतं, फक्त लघवीचं एका डॉक्टरांकडं गेलं, शौचाचं दुसऱ्यांकडं आणि संबंधाचं कुणाकडंच गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायका-मुलींना हा आजार असतो आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं जातात. हिच्या बाबतीत दहावीपासून धरलं तर त्याहूनही जरा जास्तच.

पण गोळीनं बरं वाटलं म्हणजे एंडोमेट्रिओसिसच, असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. साधी पाळीची कळसुद्धा ह्या गोळ्यांनी थांबते, आणि गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरतं तो अॅडेनोमायोसिस पण असाच वागतो. म्हणून बाकीचं विचारलं. ताप, घाण वासाचा पांढरा स्राव होता का, नव्हता, म्हणजे नळ्यांच्या इन्फेक्शनची शक्यता कमी. वजन उतरलं का, संध्याकाळी ताप, घरात कुणाला टीबी, कारण आपल्याकडं गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी ह्या वयात डोक्यात ठेवावाच लागतो, तेही नव्हतं. शौचानंतर दुखणं कमी होतं का आणि पाळी नसतानाही पोट बिघडतं का, म्हणजे आतड्याची तक्रार वेगळी काढता येते, तसंही नव्हतं. मुतखड्याची कळ लाटांनी येते आणि तारीख पाळत नाही. एवढं झाल्यावर मी तिला ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडं पाठवलं आणि चिठ्ठीत कॅलेंडरचा फोटो जोडला. मॅडमना आतून तपासताना गर्भाशय मागं वळलेलं, नीट हलत नाही आणि मागच्या बाजूला एक दुखरी गाठ हाताला लागली.

मग सोनोग्राफी परत का करायची, ऑगस्टमध्ये तर नॉर्मल होती, हा प्रश्न तिच्या मिस्टरांनी विचारला आणि बरोबर विचारला, पैसे जातात. ऑगस्टची सोनोग्राफी पोटावरून होती. त्यात मोठी गाठ दिसते, पण पातळ पसरलेले डाग कुठल्याही सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत आणि मागं चिकटलेलं पोटावरून सहसा कळत नाही. आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, आणि ती करणाऱ्याला काय शोधायचंय हे माहीत असेल तर, बरंच सांगते. आपल्याकडं चिठ्ठीवर नुसतं "ओटीपोट दुखतंय" लिहून पाठवतात, मग रिपोर्टही तसाच येतो. ह्या वेळी चिठ्ठीवर लिहिलं होतं की एंडोमेट्रिओसिसची शंका आहे, अंडाशय मोकळा सरकतो का ते बघा. डाव्या अंडाशयात सुमारे ३ सेंटीमीटरची गाठ निघाली, आत एकसारखा धुरकट दाट द्रव, आणि तो अंडाशय गर्भाशयाच्या मागच्या बाजूला चिकटलेला. ह्याला बोलीत चॉकलेट सिस्ट म्हणतात, आत जुनं साचलेलं गडद रक्त असतं म्हणून. मात्र पाळीच्या चक्रात अंडाशयात साधा रक्तस्राव होऊनही अशीच गाठ दिसू शकते, ती आपोआप विरते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या, परत बघायचं ठरलं. परत बघितली तेव्हा गाठ तशीच होती.

पूर्वी दुर्बिणीनं पोटात बघून, तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. २०२२ च्या युरोपियन गाइडलाइननं ते बदललं, तक्रार आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय जुळत असेल तर उपचार सुरू करता येतात, दुर्बीण फक्त काही दिसत नाही किंवा औषधानं भागत नाही तेव्हा. ह्यामुळं हिला लगेच ऑपरेशन टेबलवर जावं लागलं नाही.

आता तिचे प्रश्न, तिला जसं सांगितलं तसंच लिहितो.

कॅन्सरचं आधी, कारण ती महिनाभर ते एकटीच घेऊन बसली होती. सीए-१२५ ३५ च्या आत असलं तर नॉर्मल धरतात. तिचं ५८, आणि कॅम्पची तारीख कॅलेंडरवर बघितली तर पाळीचा दुसरा दिवस. पाळीत हा आकडा वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये, ओटीपोटाच्या इन्फेक्शनमध्ये, पोटाच्या टीबीमध्ये, गरोदरपणातही वाढू शकतो. तरुण बाईत, काही तक्रार नसताना किंवा पाळी चालू असताना पॅकेजमध्ये ही टेस्ट टाकणं मला अजिबात पटत नाही, त्यातून भीती तेवढी मिळते. एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठीसुद्धा ती वापरू नका असंच त्या गाइडलाइनमध्ये आहे. सोनोग्राफीत गाठीच्या आत मांसल वाढ नव्हती, रक्तप्रवाह संशयास्पद नव्हता, पोटात पाणी नव्हतं. हा आजार असणाऱ्या बायकांत अंडाशयाच्या काही कॅन्सरचा धोका किंचित जास्त असतो हे खरं आहे आणि ते मी लपवलं नाही, पण एकूण धोका कमीच राहतो, गाठीवर लक्ष ठेवायचं एवढंच.

मनाचं आहे का. नाही. हे मी तिला सांगितलं आणि तिच्या मिस्टरांना समोर बसवून परत सांगितलं, सोनोग्राफीचा फोटो दाखवून. संबंधाच्या वेळी दुखतं ते का, हेही त्यांना नीट सांगितलं, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशयाच्या मागची जागा चिकटली आहे, खोलवर दाब आला की तिथं ओढ बसते, नको असण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. पाळीच्या आधीचे दिवस टाळून, तिला खोली आणि वेग ठरवता येईल अशा पद्धतीनं केलं तर बरंच सुसह्य होतं, हेही बोललो. फॅमिली डॉक्टरनं हे बोलायला लाजून चालत नाही.

पेनकिलर. ती मेफेनॅमिक अॅसिड आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी घेत होती, त्यात मेफेनॅमिक २५० मिलिग्रॅमच असतं, आणि घ्यायची कधी तर दुखणं असह्य झाल्यावर, उपाशीपोटी. ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीनदा, पहिले दोन-तीन दिवस नुसतं मेफेनॅमिक घड्याळ लावून घेतलं तर त्याच औषधाचा उपयोग जास्त होतो, कारण दुखणं वाढवणारं रसायन तयार व्हायच्या आधीच औषध पोचतं. निरोगी किडनी असलेल्या तरुण बाईला महिन्यातून एवढे दिवस सहसा काही होत नाही. अल्सर, दमा, किडनीचा आजार असेल, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मात्र विचारल्याशिवाय नाही. हिच्यात एक अडचण अशी की बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. ही औषधं अंडं सुटण्यात अडथळा आणू शकतात आणि गरोदरपणात टाळायची असतात, म्हणून ठरवलं की रक्तस्राव सुरू झाल्यावरच मेफेनॅमिक, बाकी दिवस दुखलं तर पॅरासिटामॉल आणि शेक. पाळीची तारीख उलटली तर आधी घरी टेस्ट, मग गोळी.

पिशवी काढायची का, तर नाही. आजार पिशवीच्या बाहेर आहे, नुसती पिशवी काढून बाहेरचे डाग जात नाहीत, आणि २९ व्या वर्षी, बाळ हवं असताना तर हा विषयच नको. जाऊबाईंनी काळजीनंच सांगितलं असणार, आपल्या आयांच्या पिढीत पाळीच्या कुठल्याही त्रासाला पिशवी काढणं हाच उपाय म्हणून बायकांनी बघितलाय.

बाळ होईल का. इथं खरी गुंतागुंत आहे. दुखणं थांबवणारी औषधं, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या किंवा रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट, अंडं सुटणंही दाबतात. ती चालू असताना सहसा बाळ राहत नाही आणि बंद केल्यावर त्यांच्यामुळं राहण्याची शक्यता वाढतही नाही. म्हणजे दुखण्याचा उपचार आणि बाळाचा प्रयत्न एकाच वेळी होत नाही, कुठलं आधी ते त्या दोघांनी ठरवायचं. ऑपरेशन करून गाठ काढली तर दुखणं कमी होतं, पण गाठीच्या भिंतीबरोबर अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, म्हणून ३ सेंटीमीटरच्या गाठीसाठी मॅडम घाई करायला तयार नव्हत्या. ह्या आजारात बऱ्याच जणींना आपोआप दिवस राहतात हेही तेवढंच खरं. साधारण पस्तिशीच्या आतल्या जोडप्याला आपण वर्षभर प्रयत्न करा म्हणतो, पण हा आजार माहीत झाल्यावर तेवढं थांबत नाहीत. शिवाय जानेवारीपासूनचे महिने कागदावर प्रयत्नाचे होते, दुखण्यामुळं संबंध टळतच होते, तेव्हा ते पुरते धरताही येत नाहीत.

दोघांनी बाळाचा प्रयत्न आधी असं ठरवलं. मिस्टरांची वीर्यतपासणी लगेच करायला सांगितली, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, कारण बाईच्या तपासण्यांवर महिने घालवून शेवटी दोष दुसरीकडं निघतो असं मी खूप वेळा पाहिलंय. रिपोर्ट ठीक आला. तिचं एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज, वयाच्या मानानं बरं आहे. फॉलिक अॅसिड सुरू केलं. अंडं सुटायच्या दिवसात दुखणं कमी असतं हे कॅलेंडरवर तिला स्वतःलाच दिसलं, ते दिवस तिनं मार्क केलेत. सहा महिने असं बघायचं, नाहीच राहिलं तर नळ्यांची तपासणी आणि मॅडमबरोबर पुढचा विचार, त्यात दुर्बिणीचं ऑपरेशन का आयव्हीएफ हे तेव्हाच्या दुखण्यावर आणि गाठीच्या साइजवर ठरेल. आधीच दुखणं सहन होईनासं झालं तर प्रयत्न थांबवून डायनोजेस्टवर जायची मोकळीक तिला आहे, त्यात मधेमधे थोडा रक्तस्राव आणि काही जणींना उदास वाटणं होऊ शकतं हे आधीच सांगून ठेवलंय.

तिच्या वहीत शेवटी एक पान मी लिहून दिलं, कधी वाट बघायची नाही ते. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या, कारण गाठीमुळं अंडाशय पिळला जाऊ शकतो. पाळी चुकली आहे, पोटात दुखतंय आणि चक्कर येतेय, कारण नळीत गर्भ राहिलेला असू शकतो आणि ह्या आजारात नळ्या चिकटलेल्या असल्यानं ती शक्यता थोडी जास्त धरावी लागते. ताप आणि ओटीपोटात दुखणं एकत्र. ह्यातलं काहीही झालं तर माझी वेळ न बघता, कुणाची परवानगी न विचारता, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलला जायचं, रात्र असली तरी. ते पान सासूबाईंनी वाचून घेतलं आणि फ्रिजवर लावलंय असं ती परवा सांगत होती.